‘किमान जोखीम’ या एका ओळीमागचा इतिहास

ऊसतोड कामगार महिलांच्या आरोग्यावर अभ्यास करायचा म्हणून संस्थेच्या नैतिकता समितीकडे आलेल्या अर्जात जोखमीच्या रकान्यात बहुतेक वेळा दोनच वाक्यं सापडतात: ‘अभ्यासात किमान जोखमीपेक्षा अधिक जोखीम नाही. सहभागींची गोपनीयता राखली जाईल.’ अर्ज मग परत येतो आणि संशोधक वैतागतो, कारण त्याच्या डोक्यात संरक्षणाचा विचार असतोच. फक्त तो कागदावर नसतो. ही सवय लागली कुठून, ते समजून घ्यायला फार मागे जायची गरज नाही.

आपल्याकडे हा अर्जाचा फॉर्म औषधांच्या आणि तपासण्यांच्या संशोधनासाठी घडत गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं 1980 चं धोरण, 2000 ची आणि नंतर 2006 ची मार्गदर्शक तत्त्वं, सगळ्यांचा कल जैववैद्यकीय होता. जोखीम म्हणजे सुई, औषध, क्ष-किरण. मुलाखत घेणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसल्यामुळे त्याने ‘जोखीम नाही’ लिहिलं आणि समितीनेही मान डोलावली. आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठी वेगळी नैतिक तत्त्वं 2000 सालीच मुंबईत तयार झाली होती, पण जिल्ह्याच्या महाविद्यालयांतले फॉर्म जुन्याच साच्यातले राहिले. मराठवाड्याला याची किंमत आधीच कळायला हवी होती. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत प्रश्नावल्या घेऊन लोक येत राहिले, आणि त्याच त्या माणसांना तीच ती रात्र पुन्हा सांगावी लागली.

खरा गुंता मात्र ‘किमान जोखीम’ याच शब्दांत आहे. रोजच्या जगण्यात जेवढा त्रास किंवा धोका येतो त्याहून जास्त नाही, ती किमान जोखीम, अशी ही व्याख्या. पण रोजचं जगणं कुणाचं? अमेरिकेच्या 1981 च्या नियमात ‘रोजचं जगणं’ एवढंच राहिलं. ते निरोगी माणसाचं, असं आधीच्या मसुद्यात होतं, ते गळालं. त्यामुळे एक पळवाट तयार झाली. जिचं रोजचं जगणंच धोक्याचं आहे, पहाटे थंडीत फडात, डोक्यावर मोळी, बाळंतपणानंतर पंधरवड्यात पुन्हा कोयता हातात, तिच्या बाबतीत जवळजवळ काहीही ‘किमान’ ठरवता येतं. जी जास्त सोसते तिला कमी संरक्षण, असा हा उलटा हिशेब. 2001 साली तिथल्याच एका राष्ट्रीय सल्लागार आयोगाने सर्वसाधारण लोकसंख्येचं जगणं हाच निकष धरा, अशी शिफारस केली. आपल्या परिषदेच्या 2017 च्या तत्त्वांत व्याख्येतच सरासरी निरोगी व्यक्ती किंवा सर्वसाधारण लोक असा उल्लेख आला, त्यामुळे कागदावर तरी वाद मिटला.

त्याच 2017 च्या दस्तऐवजात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या फारशा वाचल्या जात नाहीत. किमान जोखमीच्या वर एक पायरी आहे, थोडी वाढीव किंवा कमी जोखीम. सामाजिक धोका आणि मानसिक त्रास या पायरीत येऊ शकतात. दुसरं, सहभागी दुर्बल गटातले असतील तर जोखीम किमान असली तरी अर्ज पूर्ण समितीपुढे जायला हवा. पूर्ण समितीची बैठक महिनोन्महिने होत नाही आणि झटपट छाननी लवकर सुटते, म्हणून ‘किमान’वर टिचकी मारण्याचा मोह होतो. हा मोह अज्ञानातून कमी आणि घाईतून जास्त येतो, असं माझं मत आहे.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. सरकारी पाहणीत 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि 13 हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. त्यानंतर पत्रकार, विद्यार्थी, संस्था यांची रीघ लागली. जुन्या दोन वाक्यांचं अपुरेपण तेव्हा उघडं पडलं.

धारूर-वडवणी पट्ट्यातल्या एखाद्या तांड्यावर शस्त्रक्रियेबद्दल मुलाखती घ्यायच्या आहेत असं धरू. पहिला धोका मुकादमाचा. हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर. बाई दुखण्याबद्दल बोलली हे कळलं तर पुढच्या वर्षी त्या जोडीला उचल मिळेल का, हा प्रश्न तिच्यासाठी खरा आहे. त्यामुळे अर्जात फक्त ‘मुकादमाला सांगणार नाही’ लिहून भागत नाही. मुकादमाच्या हातून सहभागी निवडणार नाही, मुलाखत फडावर नाही तर हंगाम संपल्यावर गावी घेणार, असं लिहावं लागतं. फडावर मुलाखत म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड तिच्याच माथी.

दुसरा धोका संमतीच्या कागदातच लपलेला असतो. वाचता न येणाऱ्या सहभागीच्या अंगठ्यासोबत निष्पक्ष साक्षीदाराची सही लागते, आणि गावात सही करणारा सहज मिळणारा माणूस बहुतेक वेळा मुकादम, सरपंच किंवा नवराच असतो. शिवाय उचल घेताना कागदावर अंगठा दिलेल्या बाईला कोऱ्या-छापील कागदाची भीती असते. सुधारित अर्जात साक्षीदार कोण चालणार नाही ते नावानिशी नव्हे, पण नात्यानिशी लिहावं: मुकादम, कारखान्याचा माणूस, सासरचं कुणी नाही. किंवा तोंडी संमती रेकॉर्ड करून सहीतून सूट मागावी आणि सूट का हवी ते सांगावं. सूट मिळाली तर ते रेकॉर्डिंगही ओळख उघड करणारा पुरावाच आहे, म्हणून ते मुलाखतीपासून वेगळं ठेवण्याची तरतूद लागते.

तिसरा धोका लिहिण्याच्या टप्प्यावर येतो. नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं चाळीस घरांच्या तांड्यात होत नाही. ‘तिशीच्या आत शस्त्रक्रिया, तीन मुली, नवरा गाडीवान’ एवढं वाचलं की गावाला ती बाई कळते. म्हणून अहवालात तांड्याचं नाव नाही, तालुकाही आवश्यक तेवढाच, वय टप्प्यात, मुलांची संख्या आणि शस्त्रक्रियेचं वर्ष एकत्र छापायचं नाही, दवाखान्याची ओळख नाही, असे निर्णय आधीच नोंदवावे लागतात. नावं आणि संकेतांक यांची यादी कुणाकडे, कुठल्या कुलपात, कधी नष्ट होणार, हे ‘सुरक्षित ठेवली जाईल’ या क्रियापदाने सांगता येत नाही. कर्त्याशिवाय लिहिलेल्या अशा वाक्यात जबाबदार माणूस कोण, हे शोधायला समितीला पुन्हा अर्ज परत करावा लागतो.

मुलाखतीत रडू आलं तर? ‘समुपदेशन उपलब्ध करून दिलं जाईल’ हेही असंच अधांतरी वाक्य. मुलाखत थांबवण्याचा निर्णय कोण घेणार, बाई नको म्हणाली तर रेकॉर्डिंगचं काय, 2022 पासून चालणारी 14416 ही मोफत मानसिक आरोग्य सेवा सांगायची तर तिच्याकडे स्वतःचा फोन आहे का, की तो नवऱ्याच्या खिशात असतो, हे सगळं त्या रकान्यात येतं. आणि मुलाखतीत अजूनही चालू असलेला रक्तस्राव कळला, तर तिला उपजिल्हा रुग्णालयात कोण नेणार, येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोण देणार, हेही. संशोधकाला यातलं सगळं शक्य नसतं. तसं असेल तर अर्जात तेच लिहायचं, कारण मग समिती नमुना लहान करायला किंवा प्रश्नावलीतला तो भाग वगळायला सांगू शकते.

दोन वाक्यांचा रकाना अशा वेळी दीड-दोन पानांचा होतो. 2020 नंतर फोनवरच्या मुलाखती वाढल्या, तेव्हा त्यात फोन स्पीकरवर आहे का आणि घरात कोण ऐकतंय, याची भर पडली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर क्लाउडवर ठेवलेल्या रेकॉर्डिंगचा प्रश्नही आता याच रकान्यात येऊन बसला आहे.