दहावी २००१ च्या बॅचचं गेट टुगेदर: पत्रिका छापायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, यंदा २५ वर्षं झाली म्हणून बीड-परळी भागातल्या बऱ्याच बॅच गेट टुगेदरची चौकशी करायलेत. पत्रिका, मंडप, जेवण सगळं आमच्याकडंच होतं, पण त्याच्या आधी यादी पक्की करा, कारण पोरं तिथंच अडकतात.

यादी दहावीच्या निकालावरून करू नका. आठवी-नववीत शाळा सुटलेले त्यात नसतातच, अन् हरवलेले बहुतेक तेच असतात. हेडसरांना साधा अर्ज द्या अन् शाळेचं जनरल रजिस्टर बघू द्या म्हणा. त्यात वडिलांचं नाव, गाव, शाळा कधी सोडली, का सोडली सगळं असतं. फक्त नाव अन् गाव वहीत उतरवून घ्या, पानाचे फोटो ग्रुपवर टाकू नका, त्यात लोकांची जात, जन्मतारीख असते.

पोरींचा शोध सगळ्यात अवघड, लग्नानंतर आडनाव बदललं की फेसबुकवर कितीही शोधा, सापडत नाही. तिथं माहेरचा रस्ता धरायचा. समजा एक मैत्रीण नववीतून गेली, रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव अन् वाडीचं नाव एवढंच आहे. तर वाडीतल्या किराणा दुकानात नाहीतर अंगणवाडीताईंना वडिलांच्या नावानं विचारा, भाऊ भेटतो, त्याला शाळेचं नाव, बॅच अन् तुमचा नंबर लिहून द्या अन् म्हणा, "ताईला द्या, तिला वाटलं तर ती फोन करंल." तिचा नंबर मागून परस्पर ग्रुपमध्ये ॲड करू नका, सासरी उगाच प्रश्न होतात. फोनसुद्धा वर्गातल्या एखाद्या पोरीनंच केलेला बरा.

कोणी वारलंय असं कळलं तर दोन ठिकाणी खात्री करा, मगच श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर नाव द्या. एकाच नावाचे दोघं असतात हो, म्हणून वडिलांचं नाव जुळवून बघाच.

तारीख आम्ही मे महिन्याचीच सांगतो. दिवाळीत सगळे गावाकडं येतात हे खरं, पण ऊसतोडीला जाणारे वर्गमित्र त्या सुमारास कारखान्यावर गेलेले असतात, ते पट्टा पडल्यावरच परत येतात. मेमध्ये पोरी माहेरी असतात, शाळेला सुट्टी म्हणून वर्गही मोकळे मिळतात. ऊन मात्र बेकार, म्हणून सकाळी साडेसातला धपाटे, दही अन् शेंगाची चटणी, मग जुन्या वर्गात सरांनी हजेरी घ्यायची, बाराच्या आत आमरसाचं जेवण. म्हाताऱ्या सर-मॅडमला आणायला गाडी पाठवा.

वर्गणी आधी गुपचूप एकाकडं जमा करा, कोणी किती दिले ते ग्रुपवर टाकू नका, नाहीतर ज्याच्याकडं नाहीत तो येतच नाही.

पत्रिकेची ऑर्डर कार्यक्रमाच्या महिनाभर आधी द्या, ताटांचा पक्का आकडा आठ दिवस आधी. येताना ती यादीची वही घेऊन या, नावं आपण बसून तपासू.