रिट टाकली की सातबाऱ्यावर नाव लागतं?

"वारस नोंदीचा अर्ज वर्षभर पडून आहे. थेट हायकोर्टात रिट टाकली की कोर्टच तलाठ्याला आमचं नाव लावायला सांगतं ना?"

नाही. गुहागरपासून सावंतवाडीपर्यंत हा समज पक्का बसला आहे. इथे लागू पडते ती परमादेशाची रिट, म्हणजे मॅंडामस. कायद्याने नेमून दिलेलं काम अधिकारी करत नसेल तर ती निघते. पण कोर्ट साधारणपणे "अर्जावर अमुक आठवड्यांत निर्णय घ्या" एवढंच सांगतं. निर्णय काय घ्यायचा, ते नाही.

त्याआधी लेखी मागणी केलेली हवी. अर्जाची पोच जपून ठेवा, मग स्मरणपत्र द्या. नुसतं तोंडी "उद्या या" ऐकून गेलेला माणूस कोर्टात कशाच्या जोरावर उभा राहणार?

समजा, मुंबईच्या चुलत्याने हरकत घेतली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद नामंजूर केली. आता काम अडलेलं नाही, निर्णय झालाय. त्यावर साठ दिवसांत प्रांताकडे अपील. ती वाट सोडून आलात तर हायकोर्ट बहुधा परत पाठवतं. अधिकार नसताना दिलेला आदेश असेल तर तो रद्द करायला उत्प्रेषणाची रिट आहे. आदेश व्हायच्या आधीच थांबवायचं तर प्रतिषेध. बंदी प्रत्यक्षीकरण बेकायदा डांबलेल्या माणसासाठी, अधिकारपृच्छा सार्वजनिक पदावर अपात्र बसलेल्यासाठी. जमिनीशी दोन्हींचा संबंध नाही.

आणि हिस्सा खरा कोणाचा, हे फेरफारही ठरवत नाही. ते दिवाणी कोर्टाचं काम.