चुकारा आधी की काट्यावरची रांग?

सोयाबीनचा हंगाम आटोपला की शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळापुढे एक नेहमीचा प्रश्न येतो. पुढच्या हंगामाआधी काय सुधारायचे? दुसरा काटा बसवावा, चाळणी यंत्राला शेड बांधावी, की चुकारा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचे पैसे, लवकर देता यावा म्हणून खेळत्या भांडवलाचे कर्ज काढावे? पैसा एका-दोन कामांपुरताच असतो आणि बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याचे काम आधी मार्गी लागते. सभासदांचे म्हणणे मोजून हा क्रम ठरवण्याची एक पद्धत आहे. ती समजण्यासाठी यवतमाळ-वर्धा पट्ट्यातली एक कल्पित कंपनी धरू. तिचे सभासद दोन-अडीच हजार असून त्यांपैकी यंदा माल आणणाऱ्यांच्या यादीतून २०० जणांना चिठ्ठ्या टाकून निवडले आहे. खालचे सर्व आकडे या उदाहरणापुरते आहेत.

प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले. पहिला असा: "आपल्या गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याला इथे माल आणायला तुम्ही कितपत सांगाल? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे नक्की." दुसरा प्रश्न: "हा आकडा का दिला?" पहिल्या प्रश्नातून निघतो तो नेट प्रमोटर स्कोअर. फ्रेड राइकहेल्ड यांनी तो २००३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधून मांडला. ९ किंवा १० देणारे पाठीराखे, ७ किंवा ८ देणारे तटस्थ आणि ० ते ६ देणारे नाराज, अशी विभागणी करून पाठीराख्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा करतात. त्यामुळे स्कोअर उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत कुठेही येऊ शकतो. आपल्या २०० जणांत ८४ पाठीराखे, ५२ तटस्थ आणि ६४ नाराज निघाले, म्हणजे ४२ टक्क्यांतून ३२ टक्के वजा होऊन स्कोअर आला अधिक १०.

या आकड्याकडे जरा सावधपणे पाहावे लागते. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी, हे शाळेपासून मनात बसलेले असते. दहापैकी सहा गुण देणारा एखादा काका कंपनीवर खूश असूनही या हिशेबात नाराज ठरतो. उलट कंपनीच्याच माणसाने काट्याजवळ उभे राहून विचारले, तर तोंडावर वाईट कशाला म्हणायचे म्हणून नऊ मिळतात. म्हणून विचारणारा माणूस बाहेरचा असावा आणि माल दिल्यानंतर तीन-एक आठवड्यांनी विचारावे, म्हणजे चुकाऱ्याचा अनुभवही उत्तरात येतो. आपला स्कोअर दुसऱ्या राज्यातल्या किंवा दुसऱ्या धंद्यातल्या स्कोअरशी ताडून पाहणे, माझ्या मते, निरर्थक आहे.

शिवाय २०० जणांच्या नमुन्यात अधिक १० चा खरा अर्थ "उणे २ ते अधिक २२ च्या दरम्यान कुठेतरी" एवढाच होतो. दुसरे २०० जण निवडले असते, तर काहीही न बदलता स्कोअर सहज पाच-सात अंकांनी हलला असता. गेल्या वर्षी अधिक ४ होता आणि यंदा १० झाला म्हणून पेढे वाटण्यात काही हशील नाही. क्रम ठरवण्याची खरी सामग्री दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत असते.

ती उत्तरे बोलली तशीच लिहून घ्यावीत. एक म्हणतो, "माल नेऊन पंधरा रोज झाले, पैशाची वाटच पाहून रायलो." दुसरा म्हणतो, "काट्यावर सारा दिवस वाट पाहा लागते, पन वजन बराबर भेटते." तिसरा म्हणतो, "मशीनवर किती आलं ते कोनाले दिसते? त्यायनं चौदा सांगतलं, आपन मानलं." हा चौदाचा आकडा ओलाव्याचा आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते, तिच्यावर गेलेल्या प्रत्येक टक्क्याला कंपनी भावात कपात करते आणि म्हणून त्या छोट्या यंत्रावरचा आकडा शेतकऱ्याच्या थेट खिशाला लागतो.

आता ही उत्तरे विषयवार लावायची. संगणकावर "वाट" किंवा "उशीर" हे शब्द शोधून मोजणी करण्याचा मोह होतो, पण वरच्या पहिल्या दोन उत्तरांतली वाट वेगवेगळी आहे, एक पैशाची आणि एक रांगेची. दोन्ही एकाच खान्यात गेल्या, तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो. म्हणून आधी चाळीस-पन्नास उत्तरे वाचून विषयांची यादी करावी आणि प्रत्येक विषयात काय धरायचे, काय नाही, हे एका ओळीत लिहून ठेवावे. मग दोघांनी एकमेकांना न विचारता तीच पन्नास उत्तरे लावावीत आणि जिथे त्यांचे जुळत नाही तिथे ती ओळ दुरुस्त करावी. एका उत्तरात दोन विषय असतील तर दोन्हीकडे नोंद करावी. दोनशे उत्तरांसाठी हे काम दोन माणसांचे, फार तर दोन-तीन दिवसांचे आहे.

विषय लावल्यावर दिसले ते असे. काट्यावरच्या रांगेबद्दल ५८ जण बोलले, चुकाऱ्याच्या उशिराबद्दल ३४ आणि ओलाव्याच्या मोजणीबद्दल २२. बियाणे, हमाली, बारदाना यांचे उल्लेख तुरळकच होते. नुसते उल्लेख मोजले तर निर्णय झाल्यासारखाच आहे: दुसरा काटा घ्या. बहुतेक ठिकाणी हिशेब इथेच थांबतो आणि चूक इथेच होते.

कारण तक्रार करणाऱ्यांनी आकडा किती दिला, हे अजून पाहिलेले नाही. रांगेबद्दल बोललेल्या ५८ जणांत २२ पाठीराखे, २० तटस्थ आणि १६ नाराज आहेत. त्यांचा वेगळा स्कोअर काढला तर तो अधिक १० येतो, म्हणजे सगळ्यांचा आहे तेवढाच. रांग सगळ्यांनाच त्रास देते, पण तिच्यामुळे माणूस कंपनीपासून दुरावतो असे यात दिसत नाही. चुकाऱ्याबद्दल बोललेल्या ३४ जणांचे चित्र अगदी निराळे आहे. त्यांत ३ पाठीराखे, ५ तटस्थ आणि २६ नाराज आहेत, म्हणजे स्कोअर उणे ६८. चुकाऱ्याचे नावही न काढणाऱ्या उरलेल्या १६६ जणांचा स्कोअर अधिक २६ भरतो. चुकाऱ्याची तक्रारच नसती आणि ते ३४ जणही बाकीच्यांसारखेच वागले असते, तर कंपनीचा स्कोअर १० वरून २६ वर गेला असता. हे १६ अंक म्हणजे चुकाऱ्याचे वजन. ओलाव्याच्या २२ जणांत १८ नाराज आहेत आणि त्याच रीतीने त्या विषयाचे वजन ११ अंक येते. रांगेचे वजन जवळजवळ शून्य.

दिवाळीच्या तोंडावर सोंगणी-मळणीची मजुरी चुकती करायची असते आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी बी-खत उचलायचे असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या क्रमाचे नवल वाटणार नाही. काट्यावर गेलेला दिवस संध्याकाळी संपतो, पण अडकलेला चुकारा पुढच्या पिकालाही उशीर करतो.

तरीही हे वजन म्हणजे कमाल मर्यादा समजावी, वचन समजू नये. एकदा माणूस चिडला की तो सगळ्याच गोष्टींची यादी वाचतो, त्यामुळे त्याने चुकाऱ्याचे नाव घेतले म्हणजे चुकाऱ्यामुळेच तो चिडला, असे ठरत नाही. काही जण चुकारा आणि ओलावा दोन्हींबद्दल बोललेले आहेत, म्हणून १६ आणि ११ ची बेरीज करून २७ अंकांची आशा धरणे चूक. आणि २२ जणांच्या गटात चार माणसे इकडची तिकडे झाली तरी आकडा बराच बदलतो.

म्हणून पैसा घालण्याआधी चुकाऱ्याची वही उघडावी. सर्वेक्षण तक्रार किती जड आहे ते सांगते, पण ती कशामुळे झाली ते बहुधा कंपनीच्याच नोंदींत सापडते. आपल्या उदाहरणात त्या ३४ जणांची वहीशी गाठ घातली, तेव्हा १९ जणांना आठ दिवसांच्या आत पैसे मिळालेले दिसले. तक्रार न करणाऱ्यांनाही सरासरी तेवढेच दिवस लागले होते. मग हेच का रागावले? फोन करून विचारल्यावर कळले की काट्यावर त्यांना "तीन दिवसांत खात्यात येतील" असे सांगितले गेले होते आणि चौथ्या दिवसापासून ते बँकेत खेटे घालत होते. आणखी ११ जणांचे पैसे पाठवूनही परत आले होते, कारण खाते क्रमांकात किंवा बँक शाखेच्या संकेतांकात चूक होती, नाहीतर केवायसी न झाल्याने खाते बंद पडलेले होते. खरेदीदाराकडूनच पैसा उशिरा आल्यामुळे अडकलेले फक्त ४ जण होते आणि खेळत्या भांडवलाचे कर्ज उपयोगी पडले असते ते या चौघांनाच.

इथे क्रमाबरोबर खर्चही उलटतो. काट्यावर पासबुकाची झेरॉक्स घेऊन नाव आणि क्रमांक तिथल्या तिथे ताडून पाहणे आणि पावतीवर चुकाऱ्याची तारीख आठ दिवसांची लिहिणे, या दोन गोष्टींनी ३० जणांची तक्रार हाताळता येते आणि त्याला कर्ज लागत नाही. ओलाव्याचे कामही स्वस्तातले आहे. यंत्राचा आकडा शेतकऱ्याच्या बाजूला दिसेल असे ते ठेवावे, हंगामाआधी ते तपासून घ्यावे आणि नमुना एकाच कट्ट्यातून न काढता चार-पाच कट्ट्यांतून काढावा. दुसऱ्या काट्याचा विचार यानंतर करावा. तोवर गावांना वार नेमून दिले तर रांगही काहीशी आटोक्यात येईल.

एक माणूस मात्र या २०० जणांत नाही. ज्याने यंदा मालच आणला नाही आणि घरासमोर आलेल्या व्यापाऱ्याला खेडा खरेदीत तो देऊन टाकला, तो यादीतच येत नाही, कारण यादी माल आणणाऱ्यांचीच होती. गेल्या वर्षी आलेले आणि यंदा न आलेले सभासद वहीतून वेगळे काढून त्यांतल्या तीस-चाळीस जणांना हेच दोन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मुख्य आकड्यात मिसळू नयेत, शेजारी ठेवून वाचावीत. तिथे चौथाच एखादा विषय पुढे आला, तर वरचा क्रम पुन्हा तपासावा लागेल.

पुढच्या हंगामानंतर सुधारणा लागू पडली का, हे पाहायला स्कोअर फारसा उपयोगाचा नाही. तो १० वरून २० झाला तरी दोनशे-दोनशेच्या दोन नमुन्यांत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्याऐवजी चुकाऱ्याचे नाव काढणाऱ्यांचे प्रमाण पाहावे. यंदा ते २०० पैकी ३४ होते. पुढच्या वर्षी ते १२ वर आले, तर एवढी घट योगायोगाने होण्याची शक्यता फारच कमी असते. जोडीला वहीतून परत आलेल्या भरण्यांची संख्या काढावी, कारण ती कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसते.