कामाच्या किलोमीटरचं डिजिटल लॉगबुक: कोणाला लागतं, काय नोंदवायचं आणि मंजूर होईल असं कसं ठेवायचं

स्वतःची गाडी कामासाठी वापरणाऱ्यांचे दावे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतात. किलोमीटर खरे असतात, पण ते कधी आणि कशासाठी झाले हे दाखवणारी त्या वेळची नोंद नसते. ॲप घेतलं की हा प्रश्न सुटला असं वाटतं. पण ॲपला गाडी कुठून कुठे गेली एवढंच कळतं. प्रवास कशासाठी होता आणि गाडीच्या मीटरवर किती आकडा होता, या दोन गोष्टी आपणच द्यायच्या असतात. तपासणारा माणूस नेमक्या त्याच बघतो.

आधी पात्रता. नोकरीत असाल आणि कंपनी प्रति किलोमीटर ठरावीक दराने पैसे देत असेल, तर लॉगबुक कंपनीसाठी लागतं. स्वतःचा व्यवसाय असेल आणि इंधन, दुरुस्ती, विमा यांतला कामाचा हिस्सा खर्चात दाखवायचा असेल, तर ते कर खात्यासाठी लागतं. कंपनीने दिलेली गाडी घरच्या कामालाही वापरत असाल, तर खासगी वापर किती झाला हे सिद्ध करायला लागतं. एकाच प्रवासाचे पैसे कंपनीकडून मिळाले असतील, तर तोच खर्च करात पुन्हा पूर्ण दाखवता येत नाही. म्हणून मिळालेला परतावा त्या त्या महिन्याच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवावा.

सगळ्यात जास्त चूक होते ती घर ते नेहमीचं ऑफिस या प्रवासात. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांच्या नियमांत हा प्रवास सर्वसाधारणपणे खासगी धरला जातो. ऑफिसातून ग्राहकाकडे, तिथून दुसऱ्या ग्राहकाकडे आणि परत ऑफिसला, हा कामाचा. वाटेत मुलाला शाळेतून घ्यायला वळलात, तर तेवढं जास्तीचं अंतर खासगी. ॲपमध्ये प्रवास तोडण्याची सोय असते, ती तिथेच वापरा. महिनाअखेरीला ते वळण आठवत नाही.

नोंदणी सुरू करताना पहिलं काम म्हणजे गाडी उभी असताना मीटरचा फोटो काढणं. तारीख आणि आकडा दोन्ही वाचता आले पाहिजेत. मग ॲपमध्ये गाडीचा नोंदणी क्रमांक आणि हा सुरुवातीचा आकडा भरा. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला लोकेशनची परवानगी 'कायम' द्या आणि बॅटरी बचतीच्या यादीतून त्याला वगळा. या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष झालं की फोन खिशात असताना ॲप गुपचूप बंद पडतं आणि आठवड्याभराने कळतं की मंगळवार कोराच आहे.

प्रत्येक नोंदीत तारीख, निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण, अंतर आणि कारण हवं. प्रवासामागे मीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे मागणारे नियमही आहेत, ऑस्ट्रेलियात तसंच आहे. कारणाच्या रकान्यात नुसतं 'मीटिंग' लिहिलेलं चालवून घेतलं जाईल या भरवशावर राहू नका. 'मशीनची तक्रार, तपासणीसाठी भेट' असं लिहिलं आणि ग्राहकाचं नाव टाकलं, तर तीच नोंद सहा महिन्यांनी स्वतःच बोलते.

नोंद किती लवकर करायची, यावरही नियम बोलतात. अमेरिकेत आठवड्याला एकदा, त्या आठवड्याचा हिशेब देणारी नोंद वेळेवर केलेली मानली जाते. जर्मनीत इलेक्ट्रॉनिक लॉगबुकला प्रवासाचं कारण सात दिवसांच्या आत भरण्याची मुभा आहे, पण नंतर केलेला बदल लपून राहता कामा नये. साध्या स्प्रेडशीटमधलं लॉगबुक तिथल्या सर्वोच्च कर न्यायालयाने 2005 साली नाकारलं, कारण त्यात काहीही मागाहून बदलता येतं आणि त्याचा माग उरत नाही. माझ्या मते ॲप निवडताना हीच कसोटी आधी लावावी. जुनी नोंद बदलून बघा. कोणी, कधी, काय बदललं हे दिसत नसेल, तर ते ॲप कितीही सुंदर असलं तरी या कामाचं नाही.

आता एका महिन्याचा हिशेब बघू. महिन्याच्या सुरुवातीला मीटर 42,180, शेवटी 43,420. म्हणजे गाडी 1,240 किलोमीटर चालली. ॲप दाखवतं 610 कामाचे आणि 530 खासगी, एकूण 1,140. शंभर किलोमीटर कुठे गेले?

थोडे मोजणीतच जातात. गाडी हलल्याचं ॲपच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचा तुकडा सुटतो. शिवाय ते ठरावीक अंतराने ठिकाणं टिपून त्यांच्यामध्ये सरळ रेषा ओढतं, वळणं कापली जातात. पण शंभराची तूट नुसत्या वळणांनी पडत नाही. दिनदर्शिका उघडल्यावर दोन दिवस सापडले, ज्या दिवशी ग्राहकांच्या भेटी होत्या आणि ॲपमध्ये एकही प्रवास नव्हता. बॅटरी बचत सुरू होती. पार्किंगच्या पावत्या आणि भेटीचे ईमेल जुळले, नकाशावर अंतर मोजलं, 62 किलोमीटर झाले. ते 'हाताने भरलेली नोंद' अशा खुणेसह कारण लिहून टाकले. राहिलेल्या 38 ला पुरावा नव्हता, ते खासगीत गेले.

कामाचे झाले 672. यांना 1,240 ने भागलं की 54.2 टक्के. ही टक्केवारी नेहमी मीटरच्या एकूण आकड्यावर काढायची, ॲपच्या बेरजेवर नाही. सुटलेले दिवस न शोधता 610 ला 1,140 ने भागलं असतं, तर 53.5 टक्के आलं असतं. आकडा जवळपास तोच, पण शंभर किलोमीटरचा खुलासा कुणी मागितला असता तर उत्तर नव्हतं. मीटरच्या फोटोशी न जुळणारं लॉगबुक एका पानामुळे सगळंच संशयात येतं, म्हणून ही जुळवणी दर महिन्याला करावी, वर्षाच्या शेवटी नाही.

अर्जासोबत काय जोडायचं ते मागणाऱ्यावर अवलंबून असतं. कंपनीला सहसा महिन्याचा अहवाल, मंजुरीचा ईमेल आणि टोल-पार्किंगच्या पावत्या पुरतात. तिथे दाव्याची शेवटची तारीख प्रवास धोरणात आधी बघून घ्या. करासाठी यात गाडीच्या नोंदणीची प्रत, विम्याची पावती, इंधन आणि दुरुस्तीची बिलं, काळाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या मीटरचे फोटो यांची भर पडते. काही ठिकाणी वर्षभर नोंद ठेवावी लागत नाही. ऑस्ट्रेलियात सलग 12 आठवड्यांचं, नेहमीच्या वापराचं चित्र दाखवणारं लॉगबुक साधारणपणे 5 वर्षं वापरता येतं, पण वापराची पद्धत बदलली की नवं सुरू करावं लागतं. सुट्टीचे किंवा एखाद्या अपवादात्मक धावपळीचे आठवडे त्यासाठी निवडू नका.

दर महिन्याचा अहवाल पीडीएफ आणि सीएसव्ही अशा दोन्ही रूपांत काढून ॲपच्या बाहेर ठेवा. वर्गणी संपली, फोन बदलला किंवा ॲपच बंद झालं, तरी जतन करण्याची मुदत चालूच राहते आणि मागणी तुमच्याकडेच येते. फोन बदलण्याच्या दिवशी जुन्या फोनवरचा शेवटचा अहवाल काढायचा, मीटरचा फोटो घ्यायचा आणि मगच नवा फोन सुरू करायचा.