साताचं दान जास्त, तरी पटावर साताची चकती नाही

एक फासा लाल घ्या, एक पांढरा. लाल फाशावर काहीही पडो, बेरीज सात करणारा एक आकडा पांढऱ्यावर असतोच: १ ला ६, २ ला ५, ३ ला ४. आठाचं तसं नाही. लाल फाशावर १ पडला की आठ हुकला, कारण पांढऱ्यावर ७ नसतो. म्हणून एकूण ३६ जोड्यांपैकी सात ६ जोड्यांनी होतो, सहा आणि आठ प्रत्येकी ५, पाच आणि नऊ ४, चार आणि दहा ३, तीन आणि अकरा २, तर दोन आणि बारा फक्त एकेका जोडीने. लाल ३-पांढरा ४ आणि लाल ४-पांढरा ३ या दोन वेगळ्या जोड्या आहेत. दोन्ही फासे एकाच रंगाचे असले की नेमकी इथेच मोजणी चुकते.

क्लाउस टॉयबर यांच्या ‘कटान’ या १९९५ च्या खेळात हा हिशेब उघडच मांडलेला आहे. १९ षटकोनी घरं, त्यांपैकी एक वाळवंट, उरलेल्या १८ घरांवर आकड्यांच्या चकत्या. फाशांची बेरीज ज्या चकतीवर असेल, त्या घराच्या कोपऱ्यावर वस्ती असलेल्याला तिथला माल मिळतो. आकड्याखालचे ठिपके म्हणजे त्याच्या जोड्या. साताची चकतीच नाही. सात पडला की कुणालाच माल मिळत नाही आणि दरोडेखोराची सोंगटी हलते. सर्वांत जास्त पडणारं दान एखाद्या घराला दिलं असतं, तर तिथे आधी पोचलेल्याने डाव खिशात घातला असता.

आता सोलापूरचा पट बनवायचा आहे असं धरा. ज्वारी, ऊस आणि कापसाची ४-४ घरं, दगड आणि पाण्याची ३-३, एक पडीक माळ. चकत्या त्याच १८, त्यांचे एकूण ठिपके ५८, म्हणजे घरामागे सरासरी सव्वातीनच्या किंचित खाली. समजा पाण्याला ३, ४, ११ आले आणि ज्वारीला ५, ६, ८, १०. पाण्याचे ठिपके ७, ज्वारीचे १७. म्हणजे पाणी साधारण पाच दानांत एकदा येणार. दुष्काळी तालुक्याला शोभतं खरं, पण विहिरीवाचून कुणाचंच काही बांधून होत नाही आणि डाव रखडतो. ज्वारीचा ८ पाण्याला द्या, पाण्याचा ३ ज्वारीला. पाणी १०, ज्वारी १४. घरामागे दोघांचीही सरासरी साडेतीनच्या आसपास येते.

अदलाबदल झाली की शेजार तपासा. ६ आणि ८ एकमेकांना चिकटले, तर त्यांच्या सामाईक कोपऱ्यावरच्या वस्तीला त्या दोन घरांतूनच १० ठिपके मिळतात. तिसरं घर ५ किंवा ९ चं असेल तर १४. मग पहिली वस्ती कुठे करायची याचा विचारच उरत नाही.

एवढं करूनही सलग १० दानांत एकदाही ६ न पडण्याची शक्यता सुमारे २२ टक्के राहते. म्हणून एक डाव फसला की लगेच चकत्या हलवू नयेत.