रात्रपाळीत अचानक गर्दी का होते?

हजेरीच्या तक्त्यात कामावर आल्याची वेळ असते आणि शेजारच्या रकान्यात पाळी लिहायची असते: सकाळ, दुपार की रात्र. पाळ्या सहा, दोन आणि दहाला बदलतात असं धरू. एक्सेलमध्ये बहुतेक जण पहिल्या फटक्यात असं सूत्र लिहितात:

```
=IF(A2<TIME(6,0,0),"रात्र",
 IF(A2<TIME(14,0,0),"सकाळ",
 IF(A2<TIME(22,0,0),"दुपार","रात्र")))
```

तर्कात खोट नाही. मध्यरात्रीमुळे रात्रपाळीचे दोन तुकडे होतात, म्हणून "रात्र" दोनदा आली आहे. पण खऱ्या नोंदींवर हे चालवलं की रात्रपाळीची माणसं वाढलेली दिसतात.

त्यामागचं कारण पेशीच्या पोटात आहे. एक्सेल वेळ घड्याळासारखी ठेवत नाही. पूर्ण दिवस म्हणजे 1, आणि वेळ म्हणजे त्याचा अपूर्णांक. सकाळचे सहा म्हणजे 0.25, दुपारचे बारा म्हणजे 0.5. तारीखही आकडाच असते, दिवसांची मोजदाद. पंचिंग मशीनमधून आलेल्या नोंदीत तारीख आणि वेळ एकत्र असेल, तर पेशीत पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातला आकडा असतो आणि दशांशापुढे वेळ. पेशीचं फॉरमॅट फक्त वेळेचं ठेवलं, तर आपल्याला दिसतं 07:05. सूत्राला मात्र तो अख्खा आकडा दिसतो. तो सहापेक्षा, दोनपेक्षा, दहापेक्षाही मोठा, म्हणून शेवटच्या "रात्र"मध्ये जाऊन पडतो.

वेळ मजकूर म्हणून आली असेल तरी तेच. तुलना करताना एक्सेल मजकुराला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं, त्यामुळे तीही शेवटच्या "रात्र"मध्येच जाते. रिकामी पेशी उलट्या बाजूने शिरते: ती शून्य धरली जाते, शून्य म्हणजे मध्यरात्र, आणि गैरहजर माणूस रात्रपाळीला लागतो! कुणी सवयीने 7.10 असं टिंब देऊन टाइप केलं, तर तो सात दिवस आणि वर 0.1 दिवस होतो. पुन्हा रात्र. चार वेगवेगळे दोष, उत्तर एकच आणि तेही पटण्यासारखं. चूक झाल्याचा संदेश आला असता तर निदान कळलं तरी असतं.

म्हणून लेबल लावण्याआधी नोंद तपासावी लागते. मजकूर ओळखायची सोपी खूण म्हणजे पेशीची रुंदी वाढवून पाहा. मुद्दाम अलाइनमेंट दिलेली नसेल, तर आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. दुसरी युक्ती म्हणजे रकान्याचं फॉरमॅट थोडा वेळ General करायचं. 0.295 दिसलं तर निव्वळ वेळ, मोठा आकडा दिसला तर सोबत तारीख आहे, आणि 07:05 जसंच्या तसं राहिलं तर तो मजकूर.

आता मध्यरात्रीचा सांधा. माझ्या मते दोन तुकडे सांभाळण्यापेक्षा दिवसाची सुरुवातच सरकवावी. तसं करताना आणखी एक अडचण सुटते. सकाळच्या पाळीचा माणूस 05:52 ला पंच करतो आणि वरचं सूत्र त्याला रात्रपाळीत टाकतं. म्हणून अर्ध्या तासाची सूट धरून आपला दिवस साडेपाचला, म्हणजे 330 व्या मिनिटाला सुरू करू:

```
=IF(ISNUMBER(A2),
 CHOOSE(1+INT(MOD(ROUND(A2*1440,0)-330,1440)/480),
 "सकाळ","दुपार","रात्र"),"तपासा")
```

दिवसाची मिनिटं 1440, पाळीची 480. 05:52 म्हणजे 352. त्यातून 330 गेले, उरले 22. हे पहिल्या 480 च्या आत, म्हणून सकाळ. पहाटे 02:15 म्हणजे 135. वजाबाकी -195 येते, पण MOD तिला फिरवून 1245 करतं. त्यात 480 दोनदा जातात, म्हणून रात्र. तारीख सोबत असली तरी बिघडत नाही, कारण पूर्ण दिवस MOD मध्येच गळून जातात. ROUND अशासाठी की पहाटेचे साडेपाच म्हणजे 0.229166… हा न संपणारा अपूर्णांक; गणितातून आलेली वेळ केसभर कमी पडली तर नेमकी सीमेवर पाळी बदलते.

7.10 मात्र इथूनही निसटतो, कारण तो खराखुरा आकडा आहे. रकान्यात निव्वळ वेळच असेल तर `ISNUMBER(A2)` च्या जागी `AND(ISNUMBER(A2),A2<1)` लिहा, म्हणजे तोही "तपासा"मध्ये येईल.

हे सूत्र फक्त येण्याच्या वेळेला लावायचं. सकाळच्या पाळीतला माणूस 14:05 ला बाहेर पडताना पंच करतो आणि त्या नोंदीवर "दुपार" उमटतं. आणि पाळीनुसार तारीख हवी असेल, तर पहाटे 02:15 ला आलेल्याची पाळी आदल्या दिवशीची धरावी लागते. A2 मध्ये तारीखही असेल तर ती `=INT((ROUND(A2*1440,0)-330)/1440)` ने मिळते. त्या पेशीला तेवढं तारखेचं फॉरमॅट द्या.