मध आणि अर्भकांतील बोटुलिझम

एक वर्षाच्या आतील बालकाला मधातून होऊ शकणारी विषबाधा. ती क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जीवाणूच्या बीजाणूंमुळे होते. बीजाणू म्हणजे जीवाणूचे कठीण कवचातले सुप्त रूप. मधात पाणी फारच थोडे (सु. २०%) असल्याने ते तेथे रुजत नाहीत, पण मरतही नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यातील इतर जीवाणू त्यांना वाढू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसलेली नसते. तेथे बीजाणू रुजतात आणि जीवविष तयार करतात. या विषामुळे मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश अडतो. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांच्या आतले असतात. वर्षाची मर्यादा सावधगिरीने ठेवलेली आहे.

हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. बीजाणू कोठून येतात याविषयी मात्र मतभेद राहिले. आरंभीच्या अभ्यासांत मधावर भर होता. पुढे बहुसंख्य रुग्णांनी मध चाखलाच नव्हता असे दिसले, त्यामुळे माती व धूळ हाच मुख्य स्रोत असावा हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही टाळता येण्याजोगा ज्ञात अन्नस्रोत मध हाच आहे.

पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठता. मग पापण्या जडावतात, रडणे क्षीण होते, दूध ओढण्याचा जोर जातो, मान सावरत नाही. ताप सहसा नसतो, म्हणून आजार उशिरा ओळखू येतो. अशा बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण श्वसनाचे स्नायूही लुळे पडू शकतात.

टोकिओत २०१७ मध्ये सहा महिन्यांचे एक बाळ यातून दगावले. वरचे अन्न सुरू करताना त्याला महिनाभर रसात मिसळून रोज सु. १० ग्रॅम मध दिला जात होता. बाळाच्या विष्ठेत आणि घरातल्या मधातही हा जीवाणू सापडला. जपानच्या आरोग्य खात्याने मध न देण्याची सूचना १९८७ मध्येच दिलेली होती.

कच्चा मध म्हणजे पोळ्यातून काढून केवळ गाळलेला. त्यात परागकण व विकरे टिकून राहतात. सातेरी माश्यांच्या मधात पाणी जास्त असल्यास तो आंबतोही. प्रक्रियेत मध सु. ६०–७० अंश से. पर्यंत तापवून बारीक गाळतात. त्याने आंबवणारे यीस्ट मरते आणि साखरेचे खडे उशिरा धरतात. विकरांचा काही भाग जातो. बीजाणूंना मात्र ही उष्णता पुरत नाही. ते मारण्यास दाबाखाली १२१ अंश से. लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत मध मधच राहत नाही. म्हणून बाळापुरता कच्चा, बाटलीबंद, घरच्या पोळ्याचा असा भेद निरर्थक ठरतो. मध उकळून देणेही सुरक्षित नाही.

जातकर्मात नवजाताला मध-तूप चाटवण्याचा विधी आहे. बाळगुटी उगाळतानाही काही घरी मधाचे बोट लावतात. आजाराला थोडे बीजाणूही पुरतात, त्यामुळे हे बोटभर चाटणही टाळावे. गुटी द्यायचीच असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. स्तनपान करणाऱ्या आईने मध खाल्ल्यास बाळाला धोका नाही, कारण बीजाणू दुधात उतरत नाहीत.